‘नगण्य’ म्हणजे अंदाज नव्हे: पुनर्वितरणाच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

> सर, ‘शिल्लक नगण्य झाली की थांबा’ हे गणित नाही, अंदाजपंचे दाहोदरसे आहे. दोन समीकरणं मांडली की दोन मिनिटांत अचूक उत्तर मिळतं, तरी पोरांना पानभर टेबल रखडायला लावता. एक्सेलच्या जमान्यात हे करतं कोण? शिवाय टेबलात शेवटचे ३ रुपये कुठे गेले तेही दाखवलेलं नाही. असं शिकवलं तर पोरं नापासच होणार.

नमस्कार.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. शेवटचे ३ रुपये मी थेट बेरजेत मिसळले, त्यांची वेगळी ओळ दाखवली नाही. दाखवायला हवी होती. आज टेबल दुरुस्त केलं आहे.

आता तुमच्या भाषेबद्दल. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण तो सेवा विभागांचा खर्च पुन्हा पुन्हा वाटत जाण्याच्या या पद्धतीवर आणि ती शिकवणाऱ्या प्रत्येकावर केलेला आरोप आहे. वीस वर्षं कॉस्टिंग शिकवतो आणि पेपरही तपासतो. शंका विचारणाऱ्यावर मी कधी चिडलो नाही. पण तुमच्या प्रतिक्रियेत शंका नाहीच, सरळ निकाल आहे, आणि तोही आकडे न तपासता दिलेला. लेखातलं उदाहरण एकदा कागदावर सोडवून पाहिलं असतंत, तर हे वाक्य लिहिलं नसतंत. तुम्ही सोडवलं नाहीत म्हणून मी इथे सोडवतो.

बॉयलर हाऊसचा खर्च १,२०,००० रुपये आणि मेंटेनन्सचा ६०,००० रुपये. बॉयलरची वाफ मशीन शॉपला ४० टक्के, असेंब्लीला ४० टक्के आणि मेंटेनन्सला २० टक्के जाते. मेंटेनन्सचं काम मशीन शॉपला ५० टक्के, असेंब्लीला ४० टक्के आणि बॉयलरला १० टक्के. हा सगळा खर्च शेवटी मशीन शॉप आणि असेंब्ली या उत्पादन विभागांवर टाकायचा आहे. पण बॉयलर आणि मेंटेनन्स हे दोन्ही सेवा विभाग एकमेकांचे ग्राहक आहेत, त्यामुळे एकाचा खर्च वाटून तो शून्यावर आणला की दुसऱ्याच्या वाटपातून त्याच्याकडे पुन्हा थोडा परत येतो. कंसातला आकडा म्हणजे त्या विभागातून बाहेर काढलेली रक्कम.

| ओळ | मशीन शॉप | असेंब्ली | बॉयलर | मेंटेनन्स |
|---|---|---|---|---|
| सुरुवात | – | – | १,२०,००० | ६०,००० |
| १ | ४८,००० | ४८,००० | (१,२०,०००) | २४,००० |
| २ | ४२,००० | ३३,६०० | ८,४०० | (८४,०००) |
| ३ | ३,३६० | ३,३६० | (८,४००) | १,६८० |
| ४ | ८४० | ६७२ | १६८ | (१,६८०) |
| ५ | ६७ | ६७ | (१६८) | ३४ |
| ६ | १७ | १४ | ३ | (३४) |
| ७ | २ | १ | (३) | – |
| एकूण | ९४,२८६ | ८५,७१४ | ० | ० |

आता बॉयलरचा रकाना वरून खाली वाचा: १,२०,०००, मग ८,४००, मग १६८, मग ३. दुसऱ्या आकड्यापासून पुढे प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या २ टक्के आहे, फक्त शेवटच्यात पैशांचा फरक. हे २ टक्के मी मनानं ठरवलेले नाहीत. बॉयलरच्या दर १०० रुपयांतले २० मेंटेनन्सकडे जातात आणि त्या २० चे १० टक्के, म्हणजे २ रुपये, बॉयलरकडे परत येतात. पहिली उडी तेवढी वेगळी, कारण तिथे मेंटेनन्सचे स्वतःचे ६०,००० मिसळलेले असतात. तिथून पुढे शिल्लक किती वेगानं आटणार हे पेन्सिल हातात घेण्याआधीच ठाऊक असतं: दोघांच्या परस्पर टक्क्यांचा गुणाकार. जी गोष्ट आधी सांगता येते तिला अंदाज म्हणत नाहीत.

आणि थांबलो तर चूक किती होते? तेही मोजता येतं. समजा चौथ्या ओळीनंतरच कंटाळा आला आणि उरलेले १६८ रुपये मेंटेनन्सला वगळून मशीन शॉप आणि असेंब्लीला निम्मे निम्मे, ८४ आणि ८४, देऊन टाकले. मशीन शॉपचा वाटा ९४,२८४ येतो. तुमच्या समीकरणांनी येणारं उत्तर ९४,२८५.७१. फरक १ रुपया ७१ पैसे. तुमचा आक्षेप एवढ्या रकमेवर उभा आहे.

यावर तुम्ही म्हणाल की फरक तो फरकच. मग तो कुठे पोचतो ते बघू. मशीन शॉपचा स्वतःचा ओव्हरहेड २,००,००० आणि वर्षाचे मशीन तास ५,००० धरा. पूर्ण टेबलानं दर येतो तासाला ५८.८६ रुपये. १६८ वर थांबलात तरी ५८.८६. पण दुसऱ्या ओळीनंतर, बॉयलरकडे ८,४०० असतानाच थांबून निम्मे निम्मे वाटलेत, तर मशीन शॉपला ९४,२०० मिळतात आणि दर ५८.८४ होतो. दोन पैशांनी हलला, म्हणजे ८,४०० ही शिल्लक नगण्य नव्हती आणि १६८ होती. ‘नगण्य’चा मी लावतो तो अर्थ हाच: ज्या दरासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, त्या दराचा शेवटचा छापलेला आकडा ज्या शिलकीनं हलत नाही ती शिल्लक. मूळ लेखात ‘नगण्य’ एवढाच शब्द लिहून मी पुढे गेलो हे खरं. पण त्यावरून पद्धतच अंदाजाची ठरत नाही.

मग पैशापैशापर्यंत का जात नाही, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर शेवटच्या ३ रुपयांतच आहे. ते ४०, ४०, २० नं वाटले तर १.२०, १.२० आणि ०.६० होतात. पूर्ण रुपयांत लिहिले तर १, १, १. मेंटेनन्सकडे आलेल्या त्या एका रुपयाचे पुढे पन्नास, चाळीस आणि दहा पैसे. हे कधीच संपत नाही. म्हणून शेवटची ओळ वेगळ्या नियमानं बंद करावी लागते: सेवा विभागाला वगळायचं आणि रक्कम फक्त उत्पादन विभागांत त्यांच्या आपसातल्या प्रमाणात वाटायची. इथे ४० ला ४०, म्हणजे दीड दीड रुपया. रुपयांत लिहायचं म्हणून एकाला २ आणि एकाला १. मी २ मशीन शॉपला दिले, कारण त्याचा एकूण वाटा मोठा. असेंब्लीला दिले असते तरी हरकत नव्हती.

टेबल रखडण्याबद्दल. रखडतं ते पोर, ज्याला ओळ तपासायची कशी हे कुणी सांगितलेलं नसतं. प्रत्येक ओळीत कंसातला आकडा बाकीच्या तीन आकड्यांच्या बेरजेइतका हवा. पाचवी ओळ घ्या: ६७ + ६७ + ३४ = १६८. रुपयांत पूर्ण करताना बेरीज कधी एखाद्या रुपयानं चुकते, म्हणून ओळीतला शेवटचा आकडा टक्क्यानं न काढता वजाबाकीनं भरावा. सर्रास होणारी चूक मात्र वेगळीच आहे. तिसऱ्या ओळीला बॉयलरचे ८,४०० वाटायचे असताना पोरं वरची मूळ रक्कम धरून १,२८,४०० वाटतात, कारण पहिल्या ओळीत १,२०,००० कंसात टाकून रकाना शून्यावर आणलेला नसतो. ही चूक पकडायला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागत नाही. उत्पादन विभागांच्या दोन रकान्यांची बेरीज तिसऱ्याच ओळीला १,८०,००० च्या पुढे जाते, आणि वाटायला होते तेच मुळात १,८०,०००.

कोणत्या विभागापासून सुरुवात करायची हेही तुमच्यासारखे बरेच जण परीक्षेतलं गूढ करून ठेवतात. मेंटेनन्सच्या ६०,००० पासून सुरुवात केली तर बॉयलरकडे वाटायला १,२६,००० होतात, मग मेंटेनन्सकडे २५,२००, बॉयलरकडे २,५२०, आणि पुढे ५०४, ५०, १०, १. सातच्या जागी आठ ओळी होतात. शेवट तोच: ९४,२८६ आणि ८५,७१४. मोठ्या रकमेच्या विभागापासून सुरू केल्यानं इथे एक ओळ वाचली, एवढंच.

एक्सेलबद्दल फार लिहित नाही. एका ओळीत दोन सेलमध्ये एकमेकांकडे बोट दाखवणारी ही सूत्रं टाका:

```
B2: =120000+0.1*C2
C2: =60000+0.2*B2
```

एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करील. File > Options > Formulas मध्ये जाऊन Enable iterative calculation वर खूण करा. B2 मध्ये १,२८,५७१.४३ आणि C2 मध्ये ८५,७१४.२९ येतील. त्याच चौकटीत Maximum Change असा एक रकाना आहे आणि त्यात मुळातच 0.001 लिहिलेलं असतं. म्हणजे आकडा एवढ्याहूनही कमी हलू लागला की एक्सेल फेऱ्या थांबवतं. ज्या पद्धतीला तुम्ही जुनाट ठरवलंत तीच ते करतं आहे, आणि ‘नगण्य’ची व्याख्याही त्याला आधी सांगावी लागते.

समीकरणं वाईट आहेत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. उलट जिथे ही हातपद्धत करू नये ती जागाही सांगतो. बॉयलर ४० टक्के मेंटेनन्सला देतो आणि मेंटेनन्स ५० टक्के बॉयलरला, तर प्रत्येक फेरीला २० टक्के परत येतात. एका लाखाचे २०,०००, ४,०००, ८००, १६०, ३२. हे अजून हाताच्या आवाक्यात आहे. पण ८० आणि ९० टक्के असतील तर ७२ टक्के परत येतात, आणि लाखाची शिल्लक रुपयावर यायला पस्तीसेक फेऱ्या लागतात. तिथे मी स्वतः पहिल्या ओळीलाच समीकरणं मांडीन. म्हणून आधी दोन टक्क्यांचा गुणाकार करून पाहायचा आणि मग पद्धत ठरवायची.

नापास होण्याच्या वाक्याला मी उत्तर देणार नाही. ते खर्चवाटपाबद्दल नाही.

दुरुस्त केलेल्या टेबलात सातवी ओळ आता ठळक केली आहे आणि तिच्याखाली ‘फक्त उत्पादन विभागांत, ४० : ४०’ असं लिहिलं आहे. अजून एखादा आकडा चुकीचा वाटला तर ओळीचा क्रमांक देऊन लिहा, तपासून उत्तर देईन.