‘अंशतः समाधानकारक’ म्हणजे घोटाळा नव्हे

“सांगलीतल्या आपल्या बँकेच्या मुख्य अंतर्गत लेखापरीक्षकांनी वार्षिक निकाल मांडताना संचालक मंडळापुढे स्वतःच सांगितलं, हळद तारण कर्जांच्या नियंत्रणांवर मत ‘अंशतः समाधानकारक’. म्हणजे घोटाळा झालाय, नफा खोटा आहे. पूर्ण खात्री दिली नाही, कारण काहीतरी दाबलंय. ठेवी काढा!”

हा दावा वाचून, बँकेनं सभासदांना वाटलेलं लेखापरीक्षकांच्या भाषणाचं टिपण मी दोनदा वाचलं. सहकारी बँकांत मी वर्षानुवर्षं हीच तपासणी केली आहे. हे मत ठरलेली पडताळणी ठरल्या वेळी होते का, यावर असतं. 260 कर्जांपैकी 40 फायली तपासल्या, त्यातल्या 11 मध्ये शाखेचा मासिक गोदाम पाहणी अहवाल नव्हता. मग लेखापरीक्षकांनी त्या अकराही ठिकाणी जाऊन पोती मोजली, काहींचं वजन केलं, नमुना काढून पाहिला. माल पूर्ण भरला. चोरी झाली असती तर जिथं कळायची, ती पाहणीच होत नव्हती. दोष एवढाच, पण तो खरा आहे.

नफ्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं शंका अगदीच निराधार नाही. समजा 200 क्विंटल हळद तारण आहे, दर 15,000 रुपये. माल 30 लाखांचा, 30 टक्के मार्जिन सोडून कर्ज 21 लाख. दर 12,000 वर आला की माल 24 लाखांचा होतो आणि मर्यादा 16.80 लाखांवर येते. कर्जदाराकडून 4.20 लाख मागायला हवेत. पाहणीच झाली नाही आणि शाखेनं जुनाच दर धरला तर ते कुणी मागत नाही. त्या दिवशी नफ्यातला एक रुपयाही खोटा ठरत नाही, फक्त कर्जाखालची तारणाची गादी पातळ होते. मर्यादेवरची रक्कम 90 दिवस तशीच राहिली तर मात्र कर्ज अनुत्पादक ठरतं, तरतूद करावी लागते आणि नफा घटतो. ताळेबंदावरचं मत वैधानिक लेखापरीक्षक देतात, ते वेगळं असतं.

पूर्ण खात्री कुठलाच लेखापरीक्षक देत नाही. 40 फायली पाहून उरलेल्या 220 ची शपथ कोण घेणार? चाळिसात 11 चुकल्यावर मत ‘समाधानकारक’ आलं असतं, तर मी स्वतः हरकत घेतली असती.

वार्षिक सभेत विचारायचं ते हे: दर महिन्याची पाहणी आणि नवं मूल्यांकन कुठल्या तारखेपर्यंत सुरू होणार, जबाबदारी कुणाची, आणि हाच दोष मागच्या वर्षीच्या अहवालातही होता का? होता असेल, तर लेखापरीक्षकांनी तेव्हा सांगूनही मंडळानं काय केलं, याचं उत्तर अध्यक्षांकडून घ्या.