अण्णांचे सात लाख

जुलैतल्या संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर राजकारण मागे पडते, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रे मी फुकट भरून देतो हे सर्वांना ठाऊक आहे. या वेळी वाद पेटला तो किराणा दुकानवाल्या अण्णांच्या नफ्यावरून.

त्यांची वर्षाची विक्री ४० लाख रुपये; त्यातले २५ लाख यूपीआयने आणि बँकेतून आलेले, १५ लाख रोख. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने पहिल्यावर सहा टक्के म्हणजे दीड लाख आणि रोखीवर आठ टक्के म्हणजे एक लाख वीस हजार, असा एकूण दोन लाख सत्तर हजार नफा धरता येतो. मात्र हा आकडा किमान आहे. वहीप्रमाणे अण्णांचा नफा तीन लाख साठ हजार होता, तेव्हा तोच दाखवणे भाग होते.

अण्णांना मात्र सात लाख दाखवायचे होते. दुकान वाढवण्यासाठी कर्ज हवे होते.

“नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंत करच लागत नाही, मग जास्त दाखवल्याने सरकारचे काय जाते?” भाऊंनी विचारले, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मी निरुत्तर झालो. पण विवरणपत्राच्या शेवटी दिलेली माहिती खरी आणि पूर्ण असल्याचे प्रतिज्ञापन असते. ‘कमी दाखवलेले नाही’ एवढेच तिथे म्हटलेले नसते. शिवाय अशा दुकानदारांच्या विवरणपत्रात, म्हणजे आयटीआर-४ मध्ये, वर्षअखेरचा माल, हातातील रोकड, येणी आणि देणी भरावी लागतात. फळीवर सव्वा लाखाचा माल असताना सात लाखांचा नफा पाहून कर्ज देणारा अधिकारी पहिला प्रश्न तिथेच विचारील.

“मग निदान ताळेबंद करून त्यावर तूच सही कर,” अण्णा म्हणाले. आकडे मांडून देईन, पण बँकेला चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र हवे आहे. त्यावर यूडीआयएन हा अक्षरे-आकड्यांचा अठरा चिन्हांचा ओळख क्रमांक असतो आणि तो खरा आहे का, हे बँक संकेतस्थळावर तपासते, असे मी सांगितले. माझ्या सहीला तिथे काडीची किंमत नाही.

भाऊंना हा भित्रेपणा वाटला. तेव्हा मी माझीच चूक सांगितली: एका नोकरदार शेजाऱ्याच्या प्राप्तिकर संकेतस्थळावरील खात्यात सोयीसाठी मी माझाच ईमेल आणि मोबाईल घातला होता. वजावटीतील तफावतीची सूचना माझ्याकडे आली, मी गावी होतो, उत्तराचे तीस दिवस उलटले आणि त्याची वजावट नामंजूर झाली. तेव्हापासून ओटीपी ज्याचा त्याच्याच फोनवर येतो, आणि भरलेला अर्ज मी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय तो मागत नाही.

“म्हणजे सात लाख मीच ऐकायचे आणि ओटीपीही मीच द्यायचा?” अण्णांनी विचारले. मी होकार देऊन, तरीही तो आकडा मी टंकणार नाही असे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग मुलाला वही आणायला दुकानात पाठवले.