आठ मिनिटे नेमकी कुठून काढायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "रफ कट आवळण्यासाठी सरळ दोन अख्खे सीन उडवायचे, हे वाचून वाईट वाटलं. लेखकाने विचार करून लिहिलेलं, कलाकारांनी जीव ओतून केलेलं काम असं कात्रीखाली घालायची गरजच काय? प्रत्येक कटमधून थोडं थोडं खरवडलं, पॉज कमी केले, की वेळ आपोआप बसते. शिवाय भांडणाचा सीन लांबलाय असं तुम्हीच लिहिता आणि तोच जवळपास जसाच्या तसा ठेवता. हे काही पटलं नाही."

उत्तर:

नमस्कार. आपण सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो, आणि सुरुवात हिशेबाने करतो. आमच्या लघुपटाचा रफ कट, म्हणजे संकलनातली पहिली ढोबळ जुळणी, २८ मिनिटांचा होता आणि स्पर्धेची मर्यादा श्रेयनामावलीसकट २० मिनिटांची होती. टाइमलाइनवर सुमारे ३०० कट होते. प्रत्येक कटमधून सहा फ्रेम काढल्या, तर १८०० फ्रेम निघतात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने फक्त १ मिनिट १२ सेकंद. आठ मिनिटे अशी मिळवायची, तर प्रत्येक कटमागे ४० फ्रेम, म्हणजे दीड सेकंदाहून जास्त काढावे लागेल. तेवढ्यात माणूस ऐकतो, गिळतो आणि उत्तर द्यायचे की नाही हे ठरवतो. आपल्याला जे कलाकारांचे काम वाचवायचे आहे, ते नेमके याच जागांमध्ये असते. सगळीकडून सारखे खरवडलेल्या चित्रपटात पात्रे एकमेकांचे न ऐकता आपापली पाळी आल्यासारखी बोलू लागतात, आणि गंमत म्हणजे असा कट घड्याळावर छोटा असूनही पाहताना लांब वाटतो, कारण प्रसंगांची संख्या तेवढीच राहते आणि प्रत्येक प्रसंगातला श्वास मात्र गेलेला असतो.

आता भांडणाकडे वळतो. गोष्ट आपण मूळ लेखात वाचलीच आहे: घड्याळ दुरुस्तीचे दुकान चालवणारे वडील, कर्ज, आणि दुकान विकून माझ्याकडे राहायला चला म्हणणारी मुलगी. चार मिनिटांच्या या दृश्यात साधारण दुसऱ्या मिनिटाला प्रेक्षक चुळबुळ करू लागत होते. चुळबुळ जिथे दिसते, दोष तिथेच असतो असे मात्र नाही. हे तपासायला आम्ही चित्रपटातले काहीच न पाहिलेल्या दोघांना फक्त भांडणाचे दृश्य दाखवले, आणि त्यांनी ते जागचे न हलता पाहिले. म्हणजे दृश्य स्वतःहून लांब नव्हते. प्रेक्षक तिथे पोहोचेपर्यंत त्यातले सगळे त्याला आधीच कळलेले असे. शेजारीणबाई मुलीला चहा देता देता कर्जाची सगळी हकीकत सांगत होत्या (२ मिनिटे ४० सेकंद), त्यानंतर बँकेतले साहेब तेच कागदावर दाखवत होते (१ मिनिट ५० सेकंद), आणि मग वडील तीच नोटीस टेबलावर आपटत होते. एकच गोष्ट तीनदा सांगितली जात असेल, तर जिथे ती सांगण्याची किंमत पात्राला मोजावी लागते, ती जागा ठेवायची. शेजारीणबाईंचे सांगून काही बिघडत नाही, वडिलांचे बिघडते. म्हणून शेजारीणबाईंचे आणि बँकेचे अशी दोन दृश्ये गेली. बँकेत चित्रीकरणाची परवानगी मिळवताना निर्मात्याने किती खेटे घातले होते हे मला ठाऊक आहे, पण ते खेटे पडद्यावर दिसत नाहीत.

अर्थात अख्खे दृश्य काढले की त्याला चिकटलेले काहीतरी बरोबर जातेच, आणि खरे काम तिथून सुरू होते. दुकानाची दुसरी किल्ली शेजारणीकडे असते, हे फक्त तिच्या दृश्यात कळत होते, आणि शेवटी शेजारीणच त्या किल्लीने शटर उघडते. ते वाक्य आम्ही तिच्या मूळ ध्वनिमुद्रणातून उचलून, मुलगी पाठमोरी जिना चढत असतानाच्या शॉटवर बसवले. बोलणारी व्यक्ती चौकटीबाहेर असल्यामुळे ओठ जुळवण्याचा प्रश्न आला नाही. दुसरी अडचण आमच्या लक्षातच आली नव्हती, ती पाहणाऱ्यांनी दाखवली. मधली दोन दृश्ये गेल्यावर दुकानातली दोन दृश्ये एकमेकांना लागून आली, आणि पाहणाऱ्याला वाटले की मुलगी बोलता बोलता अचानक साडी बदलून आली. तिथे बंद शटरचा सकाळचा चार सेकंदांचा शॉट घालावा लागला.

संवादांचे एक उदाहरण जवळून पाहू. भांडणात वडील ओळीने चार वाक्ये बोलत होते: "हे दुकान मी विकणार नाही. तुझ्या आजोबांनी उभं केलंय हे. चाळीस वर्षं सकाळी नऊला हे शटर मीच वर केलंय. आणि आता तू मला सांगणार?" आम्ही पहिली दोन काढली. आजोबांचा हार घातलेला फोटो आधीच्या शॉटमध्ये भिंतीवर दिसतो, आणि नकार तिसऱ्या वाक्यातच आहे. पण कट मारताच दोन गोष्टी उघड्या पडल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये वडील चष्मा काढतात, त्यामुळे डोळ्यांवरचा चष्मा एकदम हातात आला. म्हणून तिसरे वाक्य मुलीच्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर सुरू करून "मीच" या शब्दाला वडिलांवर आलो. आवाजाचे प्रकरण अधिक अवघड होते. कलाकाराने चार वाक्यांत आवाज चढवत नेला होता, आणि पहिल्या दोन पायऱ्या गेल्यावर तिसरी एकदम अंगावर येत होती. शेवटी तिसरे वाक्य दुसऱ्या टेकमधून घेतले, जिथे त्यांनी ते जवळजवळ पुटपुटत म्हटले होते, आणि पंख्याची घरघर सांध्यावर तुटत होती तिथे दुकानात मुद्रित केलेला रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, खाली पसरला. संवाद काढताना कागदावरचा अर्थ जुळला की काम झाले असे वाटते, पण कानाला तो सांधा खटकला तर प्रेक्षक पुढची दोन वाक्ये ऐकतच नाही.

अशा ओळींमधून दीडेक मिनिट मिळाले. दोन दृश्यांची साडेचार मिनिटे झाली, आणि उरलेली सुमारे दोन मिनिटे दृश्यांच्या दोन्ही टोकांना सापडली: दार उघडणे, आत येणे, "बस ना", पाण्याचा तांब्या, आणि शेवटी निघताना पुन्हा दारापर्यंत चालत जाणे. हे बिनदिक्कत कापावे.

आपले एक म्हणणे मात्र पूर्ण मान्य आहे, की स्तब्धता म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. वडील एकटेच बसून घड्याळाला चावी देतात तो चाळीस सेकंदांचा शॉट आम्ही एका फ्रेमनेही कमी केला नाही. तो भांडणानंतर लगेच येतो, त्यात माहिती शून्य आहे, आणि तेवढा वेळ मिळाला नाही तर भांडण प्रेक्षकाच्या अंगात उतरतच नाही. तो ठेवता यावा म्हणूनच शेजारणीचा चहा गेला.

लेखकाच्या कामाबद्दलही सांगतो. काढलेले काहीच आम्ही पुसले नाही. संगणकावरच्या अख्ख्या जुळणीची प्रत करून, तिच्यात ती दृश्ये नुसती बंद करून ठेवली, आणि लेखकाला सलग पाहायला बसवले. पाहून झाल्यावर "आवडले का" असे न विचारता "काय घडले ते सांगा" असे विचारले. हाच प्रश्न आम्ही चित्रपट पहिल्यांदाच पाहणाऱ्या तिघांनाही विचारला, कारण संकलकाला सगळे इतके पाठ असते की काढलेली माहितीही त्याला पडद्यावर दिसत राहते. कर्ज कोणाचे हे तिघांनीही अचूक सांगितले. किल्ली मात्र एकाला कळली नव्हती, म्हणून जिन्यावरचे वाक्य आम्ही आठ फ्रेम पुढे सरकवले, मुलीच्या पावलांच्या आवाजातून ते मोकळे झाले.