रेड कार्डनंतर भाव कुठे हलतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

कोथरूडकर लिहितात: "०-० असताना ६०व्या मिनिटाला यजमानांना रेड कार्ड, आणि तुमच्या गणितात एकूण गोल जवळपास तेवढेच? शिवाय तासभर गोल नाही म्हणजे आता होणारच. बुकी मूर्ख नसतात हो."

कोथरूडकर, बुकी मूर्ख नसतात हे मान्य, पण या बाबतीत तेही माझ्यासारखंच गणित करतात. (आपल्याकडे पैज बेकायदा आहे, इथे फक्त भाव कसा ठरतो एवढंच बोलू.)

समजा, सामन्याआधी यजमानांचे अपेक्षित गोल १.५ आणि पाहुण्यांचे १.१ होते. ६० मिनिटांनी एक तृतीयांश वेळ उरतो, पण गोल त्याहून थोडे जास्त उरतात. उत्तरार्धात गोल अधिक होतात आणि शेवटी भरपाईची मिनिटंही असतात. म्हणून मी ०.३८ हा वाटा धरतो. उरलेले गोल झाले यजमानांचे ०.५७ आणि पाहुण्यांचे ०.४२, मिळून ०.९९.

आता कार्ड. अभ्यासांत दिसलेला ढोबळ परिणाम असा: दहा जणांच्या संघाचा गोलचा वेग दोन तृतीयांशावर येतो, समोरच्याचा सव्वापट होतो. म्हणजे ०.३८ आणि ०.५२, बेरीज ०.९०. एका बाजूची घट दुसऱ्या बाजूच्या वाढीने बरीचशी भरून निघते. हललं ते निकालाचं पारडं: पॉयसाँ वितरणाने, म्हणजे सरासरीवरून किती गोल होण्याची किती शक्यता हे सांगणाऱ्या सूत्राने, यजमानांच्या विजयाची शक्यता ३२ टक्क्यांवरून २१ वर येते, पाहुण्यांची २२ वरून ३० वर जाते आणि बरोबरी ४७ वरून ४९ होते. बुकीचं कमिशन सोडलं तर यजमानांच्या विजयाचा भाव, म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास हाती येणारी एकूण रक्कम, ३.१५ वरून सुमारे ४.८५. तुम्ही एकूण गोलांच्या भावात जो धक्का शोधत होतात, तो इथे बसलाय.

गोल झाला की मात्र उलट. उरलेल्या गोलांचे आकडे थोडेच सरकतात (मागे पडलेला संघ जोर लावतो, पुढचा आवरून खेळतो), पण धावफलकच बदलल्यामुळे विजयाचा भाव एकदम उडी मारतो.

"आता होणारच" याला आधार नाही. तासभर कोरडा गेला असेल तर सामन्याआधीचा अंदाजच जरा चढा होता, अशी शंका घ्यावी. म्हणजे आकडा झालाच तर खाली यावा.

माझ्या आकड्यांत कच्चा दुवा आहे तो वेगळाच. दोन तृतीयांश आणि सव्वापट ही सरासरी आहे. यजमान १-० ने पुढे असताना कार्ड मिळालं तर ते बहुधा स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रासमोर भिंत उभी करतात, आणि त्यांचा वेग माझ्या आकड्याहून खाली जाऊ शकतो. स्ट्रायकर बाहेर गेला की सेंटर-बॅक, यानेही फरक पडतो. तपासायचं तर मॉडेलने ३० टक्के म्हटलेले असे सगळे सामने वेगळे काढावेत आणि त्यांतले खरोखर तीस टक्क्यांच्या आसपास जिंकले का ते पाहावं. एका सामन्यावरून काही कळत नाही.

आणि पुण्यात बसून स्ट्रीमवर पाहत असाल तर चित्र काही सेकंद मागे असतं. कार्ड तुम्हाला दिसेपर्यंत बाजार थांबून नव्या भावाने सुरूही झालेला असू शकतो, त्यामुळे "भाव हललाच नाही" म्हणताना आधीचा भाव नेमका कुठल्या क्षणाचा होता, तेही बघा.