उरलेल्या शब्दांचे पैसे

परवा रात्री आमच्या मंडळाच्या खजिनदारांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवले. सूत्रसंचालनाची संहिता लिहिण्यासाठी तीन हजार रुपये ठरले होते आणि पाकिटात दीड हजार निघाले. मी काही विचारण्यापूर्वीच त्यांनी हिशेब सांगितला, तो असा की मी पहिल्यांदा बाराशे शब्द दिले होते, कार्यक्रमात मात्र जेमतेम सहाशेच वाचले गेले, तेव्हा अर्धे काम झाले आणि त्याचे अर्धे पैसे दिले. उरलेले सहाशे शब्द काढून टाकायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, परंतु त्या खजिनदारांच्या वहीत कोणत्या रकान्यात मांडायच्या, हे त्यांना सुचेना आणि मलाही सांगता येईना.

कार्यक्रम फोंड्याला होता, एकांकिका स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचा. निवेदिका मडगावची, इंग्रजी कार्यक्रमांत गाजलेली, घरी कोंकणी बोलणारी, आणि ती कोंकणीही रोमन लिपीत वाचणारी. मराठी तिला समजते. बोलण्याची वेळ मात्र तिच्यावर कधी आलेली नव्हती. आता ती आली होती आणि तिच्यासाठी मी लिहिलेले पहिले वाक्य असे होते: ‘गेल्या अनेक वर्षांपासून नाट्यक्षेत्रात सातत्याने कार्यरत असलेल्या आपल्या मंडळाच्या वतीने आयोजित करण्यात आलेल्या एकांकिका स्पर्धेतील प्रथम पारितोषिकप्राप्त प्रयोगाच्या प्रमुख पात्रांना पारितोषिक स्वीकारण्यासाठी व्यासपीठावर पाचारण करण्यात येत आहे.’

लिहिताना हे वाक्य मला भारदस्त वाटले होते. ती वाचू लागली तेव्हा ‘आयोजित’पाशी तिचा श्वास संपला, आणि ‘पारितोषिकप्राप्त’पाशी ध्वनिक्षेपकाच्या माणसाने कानावरची यंत्रे काढून माझ्याकडे पाहिले. ‘प्रथम’पासून पुढे या वाक्यात दहा वेळा ‘प’ येतो आणि प्रत्येक ‘प’बरोबर ओठांतून सुटलेला वारा मायक्रोफोनवर आदळून फटाका वाजतो, हे त्याने मला अत्यंत सभ्यपणे समजावून सांगितले. त्याहून मोठी अडचण तिने सांगितली. “सर, कोण काय करतो ते कळेपर्यंत मी सुरुवात विसरते,” असे ती म्हणाली. मराठीचे क्रियापद शेवटी बसते आणि आपण ‘असलेल्या’, ‘आलेल्या’ असे डबे जोडत त्याच्यापुढे गाडी लांबवत नेतो. आपल्याला शेवटचा डबा आधीच दिसत असतो, म्हणून आपला आवाज योग्य ठिकाणी चढतो आणि उतरतो. ज्याला तो दिसत नाही, त्याचा आवाज प्रत्येक शब्दावर सारखाच पडतो आणि ऐकणाऱ्याला मृतांची यादी वाचल्यासारखे वाटते.

तेव्हा सत्तावीस शब्दांचे बारा झाले: ‘आता पहिले बक्षीस. ते डिचोलीच्या संघाला मिळाले आहे. सर्व कलाकारांनी मंचावर यावे.’ मंडळाचे नाव आणि कार्य मागच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिलेले होतेच. त्याच न्यायाने स्थापनेचे वर्षही तिच्या तोंडून काढले, कारण ‘एकोणीसशे एकोणऐंशी’ हे शब्द आमच्या सचिवांनाही दुसऱ्या खेपेस जमले होते.

अवघड शब्द कोणता, हे लिहिणाऱ्याच्या जिभेवरून ठरवता येत नाही, हे मला दुसऱ्या संध्याकाळी कळले. मी मोठ्या शहाणपणाने जमतील तेवढे ‘ळ’ काढले होते, कारण बाहेरून आलेल्या पाहुण्यांची जीभ तिथे अडते, असे मी ऐकून होतो. ही तर कोंकणी बोलणारी मुलगी. तिच्या घरी फळही होते, माळही होती. तरीही तिने सरावात एका वृद्ध नाटककारांचा उल्लेख ‘या एकांकिकेचे मूल लेखक’ असा केला आणि पहिल्या रांगेत बसलेले ते गृहस्थ अंगरख्याची बटणे तपासू लागले. चूक तिची नव्हती. तिच्यासाठी संहिता रोमन लिपीत मी उतरवली होती आणि ‘मूळ’मध्ये ‘एल’ एकदाच लिहिला होता. रोमन कोंकणीत ‘ळ’साठी ‘एल’ आणि ‘ण’साठी ‘एन’ दोनदा लिहितात. मी अक्षरे दुप्पट केली आणि नाटककार तत्काळ वयात आले. दंततालव्य ‘ज’साठी ती स्वतःच ‘झेड’ लिहीत होती, म्हणजे ‘जाणार’ आणि ‘जिंकले’ यांतला जो फरक देवनागरी मुकाट्याने गिळते, तो तिच्या कागदावर स्पष्ट दिसत होता. त्यानंतर मी तिला शिकवणे थांबवले. ती वाचत असे आणि ती जिथे अडखळे तिथे मी पेन्सिलीने फुली मारत असे. एकाच जागी दोन फुल्या पडल्या की तो शब्द गेला आणि त्याच्या जागी तिच्या तोंडी आधीच असलेला शब्द आला. ‘आरंभा’ची ‘सुरवात’ झाली आणि ‘प्रतीक्षा’ करण्याऐवजी आम्ही ‘वाट’ पाहू लागलो.

सर्वांत जास्त फुल्या पडल्या त्या प्रायोजकांच्या परिचयावर. ‘सुप्रसिद्ध उद्योजक, दानशूर, कर्तव्यतत्पर, क्रीडाक्षेत्रप्रेमी आणि सांस्कृतिक चळवळीचे आधारस्तंभ’ असा तो परिचय होता. ‘कर्तव्यतत्पर’वर तर पाच फुल्या होत्या. मी तो शब्द खोडत असतानाच खजिनदार पावतीपुस्तक घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

“बाब, हें काडूंक जावचें ना,” ते म्हणाले. ते घरगुती गोष्टी कोंकणीत आणि पैशाच्या गोष्टी मराठीत बोलतात, त्यामुळे पुढचे सगळे मराठीत झाले. “शेटने पंचवीस हजार दिले आहेत आणि विशेषणे पाच आहेत.”

“म्हणजे एकेकाचे पाच हजार?”

“तसे लिहून घेतलेले नाही. पण एक कमी झाले की ते मोजणार.”

मी ‘कर्तव्यतत्पर’ऐवजी ‘कष्टाळू’ सुचवले. त्यांनी चष्मा काढला. “कष्टाळू कामगार असतो. शेट कष्टाळू झाला तर लोकांना वाटेल, धंदा बसला.” मी ‘मेहनती’ म्हणालो. ते म्हणाले की तसे शाळेच्या प्रगतिपुस्तकात लिहितात आणि तेही मुलगा हुशार नसला तर लिहितात. मग पाच विशेषणांची पाच छोटी वाक्ये करू, असे मी म्हणालो आणि ती वाचून दाखवली: ‘ते उद्योजक आहेत. ते दानशूर आहेत. ते खेळांवर प्रेम करतात.’ त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे दुसरीच्या पुस्तकातले का?” इथे मात्र त्यांचे खरे होते, आणि ते मला अजून बोचते. वाक्ये तोडत गेले की प्रत्येकाच्या शेवटी ‘आहे’चा खिळा ठोकला जातो, मधूनच एखादे प्रश्नार्थक वाक्य घातले नाही, तर समारंभाचा वर्ग होतो. पण प्रायोजकांबद्दल प्रश्न विचारायला खजिनदारांची तयारी नव्हती. वाक्य जसे होते तसे राहिले.

कार्यक्रमात निवेदिका पूर्ण वेळ इतकी सहज बोलली की मध्यंतरात दोघांनी तिला तिचे मूळ गाव पेडणे का, असे विचारले. ‘मूळ’मधला ‘ळ’ त्यांनी चांगला उच्चारला. ती अडखळली फक्त एकदा, आणि शेट ‘कर्तव्यतप्तर’ होऊन मंचावर चढले.

पाकीट देऊन झाल्यावर खजिनदारांनी खांद्यावर हात ठेवून सांगितले, “मुलगी हुशार आहे. तेवढे एक वाक्य तुम्ही जरा सोपे करायला हवे होते.”