चार मिनिटांचे वीस रुपये

मे महिन्यातला रविवार. मालवणच्या बाजाराजवळचं एक खाजगी पे अँड पार्क, सकाळचे सव्वाअकरा. बाहेर पडायच्या फाटकावर एक सत्तरीचे काका गाडीत बसलेले. बाजूच्या सीटवर मासळीची पिशवी, बर्फाचं पाणी सीटवरून खाली ठिबकतंय. पावतीवर आत आल्याची वेळ १०:०८, बाहेर जायची ११:१२. एक तास चार मिनिटं. तासाला २० रुपये दर, म्हणून मशीनने ४० काढले.

"चार मिंटांचे वीस रुपये? खंयचो हो कायदो?"

"मी काय करू काका, मशीनच तसा सांगता."

पोरगा खरंच बोलत होता, त्याच्या हातात काहीच नव्हतं. वाद सहा-सात मिनिटं चालला. मागे पाच गाड्यांचे हॉर्न. आत यायला उभ्या असलेल्या दोन गाड्या कंटाळून पुढे गेल्या आणि रस्त्याच्या कडेला लागल्या. वीस रुपयांसाठी मालकाचे तिथेच चाळीस गेले, आणि रस्ता अडला तो वेगळाच.

आता त्या चौसष्ट मिनिटांचा हिशेब बघा, कारण राग त्याचाच आहे. काका आत आले तेव्हा पार्किंग भरलेलं होतं. जागा रिकामी व्हायला सहा मिनिटं लागली. गाडी काढून फाटकाच्या रांगेत आले, तिथे पाच मिनिटं. म्हणजे गाडी जागेवर उभी होती जेमतेम त्रेपन्न मिनिटं. उरलेली अकरा मिनिटं मालकाच्या गर्दीची आणि मालकाच्या फाटकाची. त्याचे पैसे काकांनी का द्यायचे?

तासानंतरची सवलतीची मिनिटं लोक दानधर्म समजतात. तसं नाही. वेळ फाटकावर मोजायची म्हटली की जागा शोधणं, गाडी वळवणं, रांग आणि सुट्टे पैसे हे सगळं त्यात येतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या खात्यातून वजा करणं मालकाला भागच आहे. किती मिनिटं ठेवायची हे अंदाजाने ठरवू नका. गर्दीच्या रविवारी घड्याळ लावून फाटकावर उभे राहा. पावती बघणं, पैसे घेणं, सुट्टे देणं यात एका गाडीला पाऊण मिनिट जातं. सहा गाड्यांची रांग म्हणजे साडेचार मिनिटं. जागा शोधायची पाच-सहा धरली की दहा झाली. म्हणून बोर्डावर १० मिनिटं लिहा आणि मशीनमध्ये १५ घाला. मधली पाच मिनिटं भांडण टाळण्यासाठी आहेत. अकराव्या मिनिटाला आलेला माणूस वाद घालायच्या तयारीने येतो, आणि पोराला वाद घालावाच लागत नाही. पंधराच्या वर गेला तर मात्र पुढचा तास पूर्ण लागला पाहिजे, तिथे ढिलाई नको.

मान्य आहे, काही जण दहा मिनिटं धरूनच तास मोजतील. मोजू देत.

पण एक गोष्ट इथे हमखास चुकते. आत येऊन लगेच परत जाणाऱ्याला जी फुकट मिनिटं देतात ती वेगळी, आणि तास संपल्यावरची वेगळी. मशीनवाले दोन्हीकडे एकच आकडा भरून मोकळे होतात. बाजाराशेजारी हे चालत नाही. ओळखीच्या कोळणीकडून अर्धा डझन बांगडे घ्यायला दहा मिनिटं पुरतात. सुरुवातीची १५ मिनिटं फुकट ठेवलीत तर बुधवार-रविवारी निम्मा बाजार फुकटात होईल आणि जागा मात्र अडून राहील. जागा नाही म्हणून वळून जाणाऱ्यासाठी पाच मिनिटं पुष्कळ झाली. सुरुवातीला ५, शेवटी १५. आणि ही शेवटची पंधरा दर तासाला साठत नाहीत, तेही मशीनमध्ये बघून घ्या. अडीच तास थांबलेल्याचे तीनच तास लागले पाहिजेत.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. काकांनी चौसष्ट मिनिटांचे ४० दिले, त्याच पार्किंगमध्ये मागच्या रांगेत सकाळी साडेआठपासून लागलेल्या बाहेरगावच्या गाड्या संध्याकाळी ६० देऊन जाणार. कारण बोर्डावर लिहिलंय, "पूर्ण दिवस ६०". मंडळी आधी होडीने किल्ल्यावर, मग जेवण, मग समुद्र. चौथ्या तासापासून पुढे त्यांची गाडी फुकट उभी. आणि त्यांच्यामुळे भरलेल्या जागेत काका सहा मिनिटं फिरत होते.

पर्यटकांशी वैर नाही, त्यांच्यावर गाव चालतं. पण दिवसाची कमाल रक्कम तासाच्या तिप्पट ठेवणं हा मालकाने स्वतःच्याच खिशाला लावलेला कात्रीचा फटका आहे. हिशेब अगदी साधा. जागा पाच गुंठे, म्हणजे साडेपाच हजार चौरस फूट. वळायची वाट धरून एका गाडीला तीनशे चौरस फूट लागतात, म्हणजे गाड्या अठरा. गर्दीच्या दिवशी नऊ ते एक या वेळात एका जागेवर बाजाराच्या चार गाड्या येऊन जातात, त्यांचे ८०. दुपारी एक ते पाच सामसूम. संध्याकाळी दोन गाड्या, ४०. म्हणजे एक जागा गर्दीच्या दिवसाला १२० रुपये मिळवते. मग तीच जागा दिवसभरासाठी ६० ला का द्यायची? कमाल रक्कम १२० पाहिजे, म्हणजे सहा तासांची. त्याच्या खाली गेलात तर गर्दीच्या दिवशी नुकसान. फार वर, अडीचशेवर नेलीत तर माणूस पाटी वाचूनच पुढे जाईल आणि गाडी गल्लीत कुणाच्या तरी दारात लावेल.

तुमच्या जागेचे आकडे वेगळे येतील. दोन रविवार एका वहीत गाड्या मांडल्या की कळतं.

हे लिहिताना मालकाची बाजूही दिसते. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पार्किंग निम्मं रिकामं, पण पोराचा पगार चालूच. दरवर्षी चिखल होतो, दगडाची भर घालावी लागते. ६० चा आकडा बहुधा अशाच एखाद्या ओस आषाढात ठरला असणार, गाडी आली तरी पुरे म्हणून. त्या दिवसांत तो बरोबरच आहे. तो मे महिन्यातही तसाच राहिला, एवढंच चुकलं. हवं तर पावसाळ्यापुरती कमाल रक्कम उतरवा, पण बोर्ड बदलून उतरवा, पोराच्या मर्जीवर नको.

नुसती रक्कम वाढवूनही काम भागत नाही, जागा वाटून द्यावी लागते. फाटकावर गाडी थांबली की एकच प्रश्न विचारायचा, "किल्ल्यावर की बाजारात?" किल्ल्यावर म्हटलं की १२० आधीच घ्यायचे, पावतीवर "दिवस" लिहायचं आणि गाडी मागच्या रांगेत पाठवायची. अठरांपैकी सहा जागा मागे, बारा पुढे बाजारासाठी. दिवसाची गाडी संध्याकाळी थेट बाहेर पडते, तिच्यासाठी सुट्टे मोजायला नको, रांग कमी होते. मागच्या सहा भरल्या की दिवसाच्या गाडीला नाही म्हणायचं. हे मालकांना जड जातं, समोरचे १२० सोडवत नाहीत. मान्य, पण पुढची रांग अडली की काका परत फाटकावर भांडायला येणार.

दुचाकीला तास मोजूच नका. सरळ दहा रुपये घ्या आणि सोडा.

रात्रीच्या गाडीचा प्रश्न मात्र तासाच्या मिनिटांपेक्षा वाईट आहे. माणूस रात्री आठला गाडी लावून मुंबईच्या बसमध्ये बसतो, घरचं कुणीतरी सकाळी नऊला ती न्यायला येतं. तेरा तास झाले, एक दिवस, १२० रुपये. पण दिवस मध्यरात्री बदलतो असं मशीनमध्ये असलं तर आठ ते बाराचे चार तास ८० आणि पुढच्या नऊ तासांचे १२०, एकूण २००. बोर्डावर "दिवसाला १२०" आणि हातात २०० ची पावती, मग शिव्या कोण खाणार? तो पोरगा. मशीन विकणारा हे सांगत नाही, तो आपला जुना हिशेब घालून पैसे घेऊन निघून जातो! दिवस म्हणजे गाडी आत आल्यापासून २४ तास, असंच घालून घ्या. पुढचा दिवस लागला की परत तासाने सुरू, परत १२० ला थांबायचं. २९ तास झाले तर १२० अधिक पाच तासांचे १००, म्हणजे २२०.

त्यामुळे मशीनचे पैसे देण्याआधी हे आकडे त्याच्याकडून काढून घ्या. ४ मिनिटं, शून्य. ७ मिनिटं, २०. एक तास चार मिनिटं, २०. एक तास सोळा मिनिटं, ४०. पाच तास दहा मिनिटं, १००. नऊ तास, १२०. चोवीस तास दहा मिनिटं, १२०च. चोवीस तास चाळीस मिनिटं, १४०. आणि रात्री आठ ते सकाळी नऊ, १२०. जास्त थांबलेल्याला कमी पैसे असं एकदाही येता कामा नये. एक आकडा जरी चुकला तरी मशीन परत त्याच्या गाडीत ठेवा.

मशीनच्या पावतीचा कागद उन्हात टिकत नाही. मे महिन्यात काचेमागे ठेवलेली पावती दुपारपर्यंत काळी पडते, मग वेळ वाचता येत नाही आणि पोरगा अंदाजाने पैसे सांगतो. गाडीचा नंबर मशीनमध्ये घालायचा, म्हणजे पावती काळी झाली, हरवली तरी वेळ सापडते. हातपावती असेल तर बॉलपेनने लिहा, खालची प्रत फाटकावर ठेवा, आणि आतल्या-बाहेरच्या दोघांनी एकाच घड्याळाची वेळ घ्या. दोन मोबाइलमध्ये नाही, पण भिंतीवरच्या घड्याळात आणि मशीनमध्ये चार मिनिटांचा फरक सहज असतो. काकांची चार मिनिटं तिथलीच नसतील कशावरून? पावती हरवली म्हणून ५०० मागणं ही लूट आहे. वेळ सापडलीच नाही तर एका दिवसाचे १२० घ्या आणि गाडी सोडा.

आणि हे सगळं बोर्डावर पाहिजे, फाटकाच्या आत नाही, बाहेर, गाडी वळवायच्या आधी वाचता येईल असं:

चारचाकी: तासाला २० रु.
तासानंतर १० मिनिटांपर्यंत जादा आकार नाही
आल्यापासून २४ तासांना जास्तीत जास्त १२० रु.
५ मिनिटांत परत गेल्यास आकार नाही
दुचाकी: १० रु.

पाच ओळी, हातभर उंच अक्षरं नकोत, वितीएवढी पुरतात. आत्ताच्या बोर्डावर "नियम व अटी लागू" एवढंच मोठ्या अक्षरात आहे आणि नियम कुठेच नाहीत. काकांनी शेवटी चाळीस दिले, पावती घडी करून खिशात घातली. मागच्या गाड्यांमुळे दिले, पटलं म्हणून नाही.

मालक आपल्या ओळखीचेच आहेत, ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचेल. दादा, मशीनवाल्याला या आठवड्यात बोलवा आणि रंगाऱ्यालाही. मिरग लागला की बोर्डाचा रंग वाळत नाही.