पाचव्या प्रकरणातलं क्रियापद

एम.एड.चे लघुप्रबंध जमा करायचे दिवस आले की माझ्याकडे मुलं शेवटचं, पाचवं प्रकरण घेऊन येतात. 'सारांश, निष्कर्ष व शिफारशी.' बहुतेकांनी ते शेवटच्या दोन रात्रींत लिहिलेलं असतं. वर्षभराच्या प्रामाणिक कामाचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते बघताना मला खरोखर वाईट वाटतं.

परवाच आलेल्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. विषय होता आठवीच्या विज्ञानात संकल्पना चित्रांचा वापर. एकच शाळा, दोन तुकड्या. प्रायोगिक गटात ३८ विद्यार्थी, नियंत्रित गटात ३६. तीन आठवडे अध्यापन आणि मग २५ गुणांची उत्तर चाचणी. सरासरी १६.६ आणि १४.६, दोन्हीकडे प्रमाण विचलन साधारण ४. टी मूल्य २.१५ आलं, ०.०५ स्तरावर सार्थ. चांगलं, स्वच्छ काम.

आणि निष्कर्ष काय लिहिला होता? 'संकल्पना चित्रांमुळे विद्यार्थ्यांची विज्ञानातील संपादणूक वाढते.'

या वाक्यातलं 'वाढते' बघा. मराठीत असा वर्तमानकाळ आपण कायमच्या सत्यासाठी वापरतो. सूर्य पूर्वेला उगवतो, पाणी उताराकडे वाहतं. एका शाळेत तीन आठवड्यांत जे घडलं ते 'वाढते' म्हणताच सगळ्या शाळांना, सगळ्या वर्षांना लागू होतं. म्हणून मी प्रकरण हातात घेतलं की आधी पेन्सिलीने क्रियापदांखाली रेघा मारते. 'वाढते', 'होते', 'सिद्ध झाले' हे शब्द दिसले की थांबायचं आणि विचारायचं: हे कुठे, कोणात, किती दिवसांत दिसलं? आम्ही ते वाक्य असं केलं: 'अभ्यासलेल्या शाळेत तीन आठवड्यांच्या अध्यापनानंतर प्रायोगिक गटाची सरासरी नियंत्रित गटापेक्षा २ गुणांनी जास्त आढळली व हा फरक सार्थ होता.'

'मॅडम, मग प्रबंध कमजोर नाही का वाटणार?' तिने विचारलं. नाही. मौखिकीत बहिःस्थ परीक्षकांनी बोट ठेवलं तर पहिलं वाक्य उभं राहत नाही, दुसरं राहतं.

'संकल्पना चित्रांमुळे' या शब्दालाही मी अडले. प्रायोगिक गटाला तिने स्वतः शिकवलं होतं, नियंत्रित गटाला शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांनी. मग दोन गुण चित्रांचे की नव्या, उत्साही शिक्षिकेचे? या आराखड्यात ते वेगळं काढता येत नाही. पहिल्या प्रकरणात 'मर्यादा' होत्या, पण विद्यार्थ्यांची मनःस्थिती, कौटुंबिक पार्श्वभूमी वगैरे, सगळ्याच प्रबंधांत असतात त्या. ही खरी मर्यादा कुठेच नव्हती. मर्यादा पहिल्या प्रकरणात लिहून मोकळं होता येत नाही. ज्या निष्कर्षाला ती लागू पडते, त्याच्या शेजारी ती यायला हवी.

सर्वात अवघड होता तिसरा निष्कर्ष: 'मुले व मुली यांच्यासाठी ही पद्धत समान परिणामकारक आहे.' आकडे असे: २० मुलं, १८ मुली, सरासरीत ०.९ गुणांचा फरक मुलींच्या बाजूने, टी ०.६९. सार्थ नाही, बरोबर. पण मी तिला उलटं गणित करायला लावलं. इतक्या लहान गटांत फरक सार्थ ठरायला तो किती असावा लागला असता? उत्तर आलं साधारण २.६ गुण. म्हणजे पद्धतीचा स्वतःचा परिणाम २ गुणांचा, आणि मुलामुलींतला फरक त्याहून मोठा असता तरच ही चाचणी त्याला सार्थ म्हणाली असती. अशा वेळी 'फरक नाही' म्हणता येत नाही. 'सार्थ फरक आढळला नाही. गट लहान असल्याने समानतेचा निष्कर्ष काढता येत नाही' एवढंच म्हणता येतं. शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही म्हणजे ती खरी ठरली, हा गैरसमज दरवर्षी निम्म्या प्रबंधांत तरी मला दिसतो.

शेवटी एक कोरा कागद घेतला. डावीकडे पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टं, मधे चौथ्या प्रकरणातला कोष्टक क्रमांक, उजवीकडे पाचव्यातला निष्कर्ष. 'शासनाने ही पद्धत सर्व शाळांत लागू करावी' या शिफारशीला डावीकडे काहीच नव्हतं, ती खोडली. आणि चौथ्या उद्दिष्टासमोर उजवी बाजू रिकामी होती. विद्यार्थ्यांचा या पद्धतीबद्दलचा अभिप्राय. प्रश्नावली भरून घेतलेली, कोष्टकही तयार, पण निष्कर्षच नाही.

'बऱ्याच मुलांनी चित्रं काढायला वेळ लागतो, कंटाळा येतो असं लिहिलं होतं,' ती हळूच म्हणाली. 'म्हणून मी...'

पुढच्या वर्षी ही पद्धत वापरू पाहणाऱ्या शिक्षकाला नेमकं हेच कळायला हवं होतं. तो निष्कर्ष तिने तिथेच, माझ्या टेबलावर बसून लिहिला.